शब्द एकही सारखा नाही, युक्तिवाद मात्र तिचा

साथरोगांच्या इतिहासाच्या एका पदव्युत्तर वर्गात दोन निबंध चार दिवसांच्या अंतरानं जमा झाले. आधी एका विद्यार्थ्याचा आला, मग त्याच्याच गटातल्या एका विद्यार्थिनीचा. शिकवणाऱ्या मॅडमनी त्याचा निबंध वाचून त्याला वरचे गुण दिले होते. तिचा वाचायला घेतला तेव्हा दुसऱ्याच पानावर त्या थबकल्या. वाक्यं वेगळी होती आणि भाषेची ढबही वेगळी होती, पण विचार एका पायरीवरून दुसरीवर जायची वाट तीच होती. साहजिकच पहिला संशय तिच्यावर आला, कारण तिचा निबंध उशिरा आला होता.

(हे प्रकरण मी रचलेलं आहे. अशा तक्रारींत जे मुद्दे हमखास निघतात ते एकाच जागी तपासता यावेत, एवढाच हेतू. निबंधाच्या विषयातली ऐतिहासिक माहिती मात्र खरी आहे, आणि ती नीट समजल्याशिवाय नेमकं काय उचललं गेलं ते कळणार नाही.)

विषय होता लंडनमधली १८५४ची कॉलऱ्याची साथ आणि डॉक्टर जॉन स्नो. सर्वांना माहीत असलेली गोष्ट अशी: सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटजवळ माणसं पटापट मरू लागली, स्नोनं नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या, त्या एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेल्या दिसल्या, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. पाठ्यपुस्तकांना सोयीची गोष्ट आहे.

निबंधाआधी चौघांच्या गटाला या विषयावर सेमिनार द्यायचा होता. तयारीच्या बैठकीत त्यानं विचारलं, "दांडा काढल्यावर साथ थांबली, म्हणजे नकाशामुळेच शोध लागला ना?" त्यावर ती जे बोलली ते तीन पायऱ्यांत सांगता येतं. पहिली: दांडा काढला ८ सप्टेंबरला, आणि तोवर मृत्यू आधीच उतरणीला लागले होते. लोक भाग सोडून पळाले होते. दांड्यामुळे साथ थांबली असं खुद्द स्नोही छातीठोकपणे म्हणत नाही. दुसरी: पंपाभोवतीच्या खुणांनी फारसं काही सिद्ध होत नाही, कारण दूषित हवेनं रोग होतो असं मानणारा माणूसही म्हणेल की हवा तिथंच सर्वात वाईट होती. वजन आहे ते अपवादांना. पंपाच्या अगदी जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते, त्यांतला कॉलऱ्यानं एकही मेला नाही. जवळच्या गरीबखान्यात ५३५ माणसं होती, तिथं पाचच दगावली. दोन्ही ठिकाणी स्वतःची विहीर होती. उलट पंपापासून कितीतरी लांब राहणारी एक विधवा बाई मेली, कारण चवीसाठी ती रोज ब्रॉड स्ट्रीटचं पाणी बाटलीतून मागवत असे. जवळ असून वाचलेले आणि लांब असून मेलेले, हवेचा सिद्धांत अडतो तो या दोघांपाशी.

तिसरी पायरी तिची खास. हे अपवाद शोधायला स्नोला घरोघर फिरून विचारपूस करावी लागली, आणि छापलेला नकाशा आला तो दांडा काढल्यानंतर. म्हणजे नकाशा हे शोधाचं साधन नव्हतं. शोध लागून गेल्यावर इतरांना पटवून द्यायचं ते साधन होतं. आपण आज त्याला पुराव्याच्या जागी बसवतो, कारण चित्र लक्षात राहतं आणि चौकशी विसरली जाते.

बैठकीनंतर तिनं हाच मजकूर वहीच्या एका पानावर खरडला आणि पानाचा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकला. त्यात बाण होते, खाडाखोड होती, आणि एक चूक होती. तिनं त्या विधवा बाईला इस्लिंग्टनमध्ये राहायला पाठवलं होतं. खरं तर ती बाई हॅम्पस्टेडची. इस्लिंग्टनची होती तिची भाची, जी तिच्याकडे आली, तेच पाणी प्यायली, घरी परतली आणि तीही मेली. स्नोच्या पुस्तकात दोन्ही नावं लागोपाठ येतात, त्यामुळे घाईत नोंद घेताना अशी गल्लत होणं सहज शक्य आहे.

सेमिनार वेळेअभावी आटोपता घेतला गेला आणि हा भाग वर्गासमोर आलाच नाही. म्हणून मॅडमना त्याचा पत्ता नव्हता.

मॅडमनी दोन्ही निबंध नेहमीच्या तपासणी सॉफ्टवेअरमधून काढले. जुळणी जवळजवळ शून्य. जी थोडी निघाली ती पुस्तकाच्या नावाची आणि जागांच्या नावांची. यात नवल नाही. ही सॉफ्टवेअरं शब्दांच्या ओळी ताडून पाहतात, युक्तिवादाचा सांगाडा त्यांना दिसत नाही. अडचण अशी की बरेच विद्यार्थी आणि काही शिक्षकही त्या टक्केवारीलाच निकाल समजतात. त्यानंही तेच केलं. बोलावल्यावर त्यानं पहिल्याच वाक्यात अहवाल पुढे केला: "मॅडम, बघा ना, एक ओळही कुणाची नाही."

मॅडमनी मग दोघांना वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट मागितली: निबंध कसा घडला ते दाखवा. ही पद्धत मला आरोप-प्रत्यारोप ऐकत बसण्यापेक्षा फार बरी वाटते, कारण युक्तिवाद ज्याचा असतो त्याच्याकडे त्याच्या वाढीच्या खुणा सहसा सापडतात. तिच्याकडे वहीचं पान होतं, ग्रुपवरच्या फोटोची तारीख होती, आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या होत्या. त्यांत पहिल्या दोन पायऱ्या आधी आल्या होत्या आणि तिसरी दोन दिवसांनी, एका फसलेल्या परिच्छेदाच्या जागी. त्याच्याकडे सुरुवातीपासून पूर्ण बांधलेला निबंध होता. पहिल्याच मसुद्यात तिन्ही पायऱ्या क्रमानं हजर.

तेवढ्यावरून काही ठरवता आलं नसतं. काही जण डोक्यात सगळं जुळवून मगच लिहायला बसतात. निकाल लागला तो इस्लिंग्टनमुळे. त्याच्या निबंधातही ती विधवा बाई इस्लिंग्टनची होती, आणि त्या वाक्याखाली संदर्भ दिला होता स्नोच्या १८५५च्या पुस्तकाचा. ते पान उघडून वाचणाऱ्याला तिथं हॅम्पस्टेड दिसलं असतं. तिच्या अंतिम निबंधात हॅम्पस्टेडच होतं, कारण लिहिण्यापूर्वी तिनं मूळ पान पुन्हा काढून नोंद दुरुस्त केली होती. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे याच रीतीनं ठरवतात. बरोबर मजकूर दोन प्रतींत स्वतंत्रपणे येऊ शकतो, पण तीच विचित्र चूक दोन्हीकडे असेल तर ती सहसा एकीतून दुसरीत गेलेली असते.

इथं एक वेगळी गफलतही उघडी पडली, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. त्यानं मूळ ग्रंथाचा संदर्भ दिला होता, म्हणून आपण प्रामाणिक आहोत अशी त्याची समजूत होती. पण तो त्या ग्रंथापर्यंत पोचलाच नव्हता. तिनं खणून काढलेला पुरावा त्यानं तिचं नाव गाळून थेट स्नोच्या नावावर टाकला. वाचकाला वाटतं की इतक्या पानांतून हे तीन अपवाद यानं वेचून काढले. ती वेचणी हीच तर मेहनत होती.

मग त्याच्या बाजूचे मुद्दे आले. ते सगळे पोकळ नव्हते.

"मी शब्द माझे वापरले," हा पहिला. त्यामागे कॉपीराइटची कल्पना आहे आणि ती कायद्यापुरती बरोबरही आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारातलं कलम ९(२) स्पष्ट सांगतं की कॉपीराइटचं संरक्षण मांडणीला मिळतं, कल्पनेला, कार्यपद्धतीला किंवा गणिती संकल्पनेला नाही. तिनं त्याच्यावर कॉपीराइटचा दावा लावला असता तर ती हरली असती. पण वाङ्मयचौर्याचा प्रश्न मालकीचा नाही, श्रेयाचा आहे. अमेरिकी सरकारनं २००० साली संशोधनातील गैरवर्तनाची जी व्याख्या ठरवली तिच्यात योग्य श्रेय न देता दुसऱ्याच्या कल्पना, प्रक्रिया, निष्कर्ष किंवा शब्द आपलेसे करणं असे चार प्रकार आहेत. शब्द त्यांतला एक, आणि तोही शेवटचा.

"ते सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं," हा दुसरा. चर्चा असते ती कल्पना वापरण्यासाठीच, आणि त्यानं ती वापरली यात काही गैर नाही. वापरायची परवानगी चर्चेनं दिली होती. कुणाकडून आली हे लपवायची दिली नव्हती. तोंडी ऐकलेलं नमूद करायची सोयही जुनीच आहे. संदर्भ देण्याच्या एपीए शैलीत त्याला व्यक्तिगत संवाद म्हणून मजकुरातच नाव आणि तारीख देऊन नोंदवतात. संदर्भसूचीत ते घेत नाहीत, कारण वाचकाला ते शोधून वाचता येत नाही. साधी तळटीपही चालते.

तिसरा मुद्दा अधिक अवघड होता. तो म्हणाला, "अपवादांचं महत्त्व तर कितीतरी लोकांनी लिहिलंय. हे काही तिचं नाही." खरं आहे. स्नोवर एवढं लिहिलं गेलंय की पहिल्या दोन पायऱ्या छापील साहित्यात सहज सापडतात. तिलाही त्या आपल्या शोध म्हणून मिरवता आल्या नसत्या, आणि तिनं तसं केलंही नव्हतं. पण मॅडमनी विचारलेला प्रश्न निराळा होता: कुठं लिहिलंय याची चर्चा नंतर करू, तुला ते कुठून मिळालं? त्यानं एका लेखाचं नाव घेतलं. तो लेख त्यानं शोधला होता तक्रारीनंतर. एखादी कल्पना आधी छापलेली असली तर नवेपणाचं श्रेय कुणालाच जात नाही, पण ज्यानं ती तुमच्यापर्यंत आणली त्याचं ऋण तसंच राहतं. मागाहून सापडवलेला संदर्भ ते ऋण फेडत नाही, उलट झाकतो.

दोन माणसांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचू शकते हे नाकारण्यात अर्थ नाही. जून १८५८मध्ये निसर्ग-अभ्यासक वॉलेसचं टिपण डार्विनच्या हाती पडलं, आणि वीस वर्षं डार्विन ज्यावर काम करत होता तीच नैसर्गिक निवडीची कल्पना त्यात होती. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. डार्विनच्या बाजूनं ठेवलं गेलं ते १८४४च्या त्याच्या निबंधातला उतारा आणि १८५७मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्राचा भाग. दोन्ही वॉलेसचं टिपण येण्याआधीचे. स्वतंत्रपणे सुचल्याचा दावा असा दाखवता येतो. आपल्या प्रकरणात त्याच्याकडे बैठकीपूर्वीचं काहीच नव्हतं. होता तो फक्त त्यानं विचारलेला प्रश्न, आणि तो प्रश्नच सांगत होता की त्या वेळी त्याची समजूत नेमकी उलट होती.

त्या प्रश्नाबद्दल मात्र मॅडम बराच वेळ विचार करत राहिल्या. त्यानं तो विचारला नसता तर ती कदाचित बोललीच नसती. बोलता बोलता घडलेल्या विचारात प्रश्न विचारणाऱ्याचाही वाटा असतो, आणि गटातल्या चौथ्या मुलाचं ठाम मत होतं की युक्तिवाद दोघांचा धरावा. मॅडमनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रश्नानं दार उघडलं हे खरं, पण आतली मांडणी तिनं केली. मला हा निर्णय पटतो, पण वादाला जागा नाही असं म्हणणार नाही. त्यानं आणखी दोनतीन शंका काढून तिला तिसऱ्या पायरीकडे ढकललं असतं, तर निकाल बदलायला हवा होता.

शेवटचा मुद्दा त्यानं दुखावलेल्या आवाजात मांडला: "मी त्यावर इतकं काम केलंय. ते माझंच वाटतं मला." तो खोटं बोलत नसावा. दुसऱ्याची कल्पना आपली वाटणं ही मानसशास्त्रात नीट अभ्यासलेली गोष्ट आहे. ब्राउन आणि मर्फी यांच्या १९८९च्या प्रयोगांत माणसांनी गटात आळीपाळीनं शब्द सुचवले, आणि नंतर आपापले शब्द आठवायला सांगितल्यावर काहींनी दुसऱ्यांचे शब्द आपले म्हणून सांगितले. त्याहून इथं लागू पडणारं काम स्टार्क आणि परफेक्ट यांचं. दुसऱ्यानं सुचवलेली कल्पना कशी सुधारता येईल यावर ज्यांनी विचार केला, त्यांनी ती पुढे आपली म्हणून सांगण्याचं प्रमाण वाढलं. कल्पनेवर जितकी मेहनत घ्याल तितकी तिची मूळ चिठ्ठी स्मरणातून गळून पडते. त्यामुळे सर्वात जास्त धोका आळशी विद्यार्थ्याला नाही, मन लावून काम करणाऱ्याला आहे. ऐकलं त्याच दिवशी वहीत मुद्द्यासमोर बोलणाऱ्याचं नाव लिहिणं, एवढाच त्यावर उपाय. पुढे आठवेल या भरवशावर राहून चालत नाही.

पण इथं स्मृतीची सबब अर्धीच लागू पडत होती. तिनं टाकलेला फोटो त्यानं निबंध लिहायला बसण्याच्या आदल्या रात्री पुन्हा उघडला होता. हे त्यानं स्वतःच सांगितलं. चोरी करायची म्हणून उघडला नसेल, पण समोर तिच्या अक्षरातलं पान असताना तिचा विसर पडला हे ऐकून घेणं कठीण होतं. मॅडमनी त्याला हेतुपुरस्सर फसवणूक म्हटलं नाही, बेपर्वाई म्हटलं. शिक्षा किती याचा विचार करताना हा फरक मोठा ठरला.

आणि आता त्याचं खरोखर जे होतं त्याबद्दल. निबंधाच्या उत्तरार्धात तो ब्रॉड स्ट्रीट सोडून दक्षिण लंडनकडे वळला होता. तिथं एकाच वस्तीत, कधीकधी शेजारशेजारच्या घरांत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी येत होतं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी थेम्सचं शहरातल्या सांडपाण्यानं घाण झालेलं पाणी घेत असे. लँबेथ कंपनीनं आपलं पाणी घ्यायचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला हलवलं होतं. स्नोच्या तक्त्यात पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू आहेत आणि दुसरीच्या ३७. हवा एकच, गल्ली एकच, फक्त नळ वेगळा. त्यानं दाखवलं होतं की इथं नकाशा कामाचाच नाही, कारण दोन्ही कंपन्यांची घरं एकमेकांत मिसळलेली आहेत. नकाशा पटवून देतो तो जागेचा फरक असेल तिथंच. हे तिच्या पानावर कुठं नव्हतं. तिच्या निबंधातही नव्हतं. तिच्या तिसऱ्या पायरीला यानं मर्यादा घालून दिली होती, आणि निबंधातला सर्वात चांगला भाग हाच होता.

दुर्दैव असं की श्रेय न दिल्यामुळे हा भाग दिसेनासा झाला होता. सगळंच त्याचं असल्यासारखं वाचलं जात होतं, तेव्हा नवं कुठं सुरू होतं हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. तिचं नाव घेतलं असतं तर त्याचं स्वतःचं काम उठून दिसलं असतं.

निकाल असा झाला. तिच्यावरचा संशय मॅडमनी लेखी मागे घेतला आणि तिचा निबंध पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा तपासला. त्याचे गुण रद्द करून त्याला निबंध पुन्हा लिहायला सांगितलं, आणि गुण फक्त उत्तरार्धाच्या मुद्द्यावर मिळतील हे आधीच सांगितलं. प्रकरण विभागाच्या नोंदीत गेलं. विद्यापीठाच्या समितीकडे गेलं नाही. तिला हे थोडं सौम्य वाटलं आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं.

त्यानं आणलेल्या पहिल्या दुरुस्तीत शेवटी एक तळटीप होती: "या निबंधासाठी गटातील सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेचा उपयोग झाला." मॅडमनी ती खोडली. असल्या वाक्यातून कुणाला काय मिळालं ते कळत नाही. कर्ज कबूल केल्यासारखं दिसतं, पण किती आणि कुणाचं हे गुलदस्त्यातच राहतं. दुसरी तळटीप पहिल्या परिच्छेदाखाली आली, तिचं पूर्ण नाव आणि बैठकीची तारीख घेऊन: "नकाशा हे शोधाचं नव्हे, पटवून देण्याचं साधन होतं हा युक्तिवाद, आणि त्यासाठी बिअरचा कारखाना, गरीबखाना व हॅम्पस्टेडची विधवा या तीन अपवादांची निवड, तिची आहे, मी त्याच्या मर्यादा दक्षिण लंडनच्या तक्त्याच्या आधारे तपासतो." ही स्वीकारली गेली. नव्या मसुद्यात ब्रॉड स्ट्रीटची कथा दोन परिच्छेदांत संपते आणि तिसऱ्यापासून कंपन्यांचा तक्ता सुरू होतो.